विषय आहे, कथानक आहे, मग आशय कुठे गेला? (परत आलेल्या कथेबद्दल मदत हवी)

तळ्याकाठची

नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकाला पाठवलेली माझी कथा गेल्या आठवड्यात परत आली. कथा परत येते याची सवय आहे. या वेळी मात्र सोबत एक ओळ लिहून आली होती आणि ती डोक्यातून जात नाही: ‘विषय चांगला आहे, कथानकही आहे, आशय मात्र हाती लागत नाही.’

मी आजवर विषय आणि आशय एकच समजत होते. कथा थोडक्यात सांगते, कृपया मोकळेपणाने बोला.

नाव ‘नवी पहाट’, शब्द साधारण १८००. सोलापुरातलं दोन खोल्यांचं घर. मालन घरी बिड्या वळते. पानं आणि तंबाखू आणायची, हजार बिड्या वळायच्या, दुसऱ्या दिवशी बिडी कारखान्याच्या ब्रांचवर नेऊन द्यायच्या. मुलगी सुजाता चौथीत असताना आईच्या शेजारी बसून वळायला शिकली. नववीत तिने सूप बाजूला सारलं आणि ‘परत हात लावणार नाही’ म्हणाली. आता तिला पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळालाय. निघायच्या आदल्या रात्री आईचा अंगठा सुजतो. हजाराला दीडशे कमी पडतात. आई काही बोलत नाही. सुजाता उठते, सूप मांडीवर घेते आणि दीडशे बिड्या पूर्ण करते. सकाळी दोघी ब्रांचवर जातात. चेकर चाळीसेक बिड्या छाट म्हणून बाजूला काढतो, त्यात सुजाताची एकही नसते. परत येताना आई म्हणते, ‘हात बसलाय गं तुझा.’ दुपारी सुजाता एसटीत बसते.

शेवटचा परिच्छेद जसाच्या तसा देते:

‘एसटी सुटली. मागे अंधार राहिला, पुढे उजेड होता. शिक्षणाची कास धरली तर कोणतीही मुलगी आपलं नशीब बदलू शकते, हे सुजाताला उमगलं होतं.’

यात आशय नाही असं कसं म्हणता येईल? मी तर तो शब्दांत लिहिलाय.

---

सरळसोट

ताई, यात अवघड काही नाही. मी शिकवणीत मुलांना असं सांगतो. कथा कशाबद्दल आहे तो विषय. कथेत काय काय घडतं ते कथानक. आणि लेखकाला काय सांगायचंय तो आशय, म्हणजेच तात्पर्य. तुमच्या कथेत विषय बिडी कामगार, कथानक तुम्ही वर दिलंय तेच आणि आशय ‘शिक्षणाने नशीब बदलतं’. तिन्ही गोष्टी आहेत. संपादकांनी शेवटपर्यंत वाचलं नसावं.

---

कडक_भाकरी

मला तर ष्टोरी लई आवडली. ‘हात बसलाय गं तुझा’ वाचताना अंगावर काटा आला. पण पुढचा उजेडबिजेड वाचला आणि काटा गेला. असं का झालं ते मला सांगता येत नाही, तुम्हीच कुणीतरी सांगा की.

---

अक्षरवेध

कडक_भाकरी यांचा काटा जिथे आला आणि जिथे गेला, त्या दोन ओळींच्या मध्येच हा सगळा प्रश्न आहे. मी एका दिवाळी अंकासाठी बरीच वर्षं आलेल्या कथा पहिल्यांदा वाचण्याचं काम करतो (तळ्याकाठची यांची कथा आमच्याकडे आली नव्हती). तुमच्या ओळीसारखी ओळ मीही लिहून पाठवलेली आहे आणि त्यामागचं स्पष्टीकरण लिहायला जागा नसते याचं वाईट वाटतं. ते इथे देतो. पण आधी पूर्ण कथा वाचायला मिळेल का? सारांशावरून विषय कळतो, कथानक कळतं. आशय सारांशात येत नाही. तो तपशिलात असतो.

---

विजापूररोड

माझाही असाच अनुभव. मी जुन्या मिलवर कथा लिहिली. आजोबा तिथे होते. मिलचा भोंगा, चाळ, संप, मिल बंद पडली ते दिवस, सगळं घातलं. स्पर्धेचा विषय ‘माझे शहर’ असा होता, तरी ‘विषयाला धरून नाही’ म्हणून बाद केली. सोलापूरची मिल हा शहराचा विषय नाही तर काय आहे? मला वाटतं बाहेरच्यांना सोलापूरचे विषय कळतच नाहीत.

---

तळ्याकाठची

अक्षरवेध, पूर्ण कथा माझ्या रंगीबेरंगी पानावर टाकली आहे. वाट बघते.

विजापूररोड, तुमचं दुःख समजतं, पण माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझा विषय त्यांना पसंत पडलाच आहे.

---

अक्षरवेध

वाचली, दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली आणि एकच गोष्ट केली: कथा कोणत्या वस्तूकडे आणि कोणत्या क्रियेकडे पुन्हा पुन्हा वळते, तिथे खूण करत गेलो.

‘हात’, ‘बोटं’, ‘अंगठा’ हे शब्द अकरा ठिकाणी आहेत. पहिल्या परिच्छेदात मालन ओल्या फडक्यातून पान काढते, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापते, चिमूटभर तंबाखू पसरते, वळते, टोक दुमडते, दोरा गुंडाळते, आणि हे सगळं ती दाराबाहेर बघत बघत करते. तुम्ही लिहिलंय: ‘डोळे रस्त्यावर होते, हात घरात होते.’ फार सुंदर वाक्य आहे. पुढे सुजाता चौथीत शिकते तेव्हा आई तिची बोटं स्वतःच्या बोटांत धरून वळवते. नववीत ती सूप सारते तेव्हा हात साबणाने तीन वेळा धुते. मग आईचा अंगठा सुजतो. मग रात्रीचा प्रसंग, जिथे ‘तिसऱ्या बिडीनंतर तिला बघावं लागलं नाही.’ मग चेकर. मग आईचं वाक्य.

आता शिक्षणाच्या खुणा मोजल्या. प्रवेशाचं पत्र एकदा येतं, कपाटावर ठेवलं जातं. सुजाता अभ्यास करताना एकदाही दिसत नाही. तिला नर्सच का व्हायचंय हे कुठे येत नाही. एकही शिक्षक नाही, पुस्तक नाही, शिक्षणासाठी तिने काही सोडलंय किंवा मिळवलंय असा प्रसंग नाही. शिक्षण ही कथेत फक्त बाहेर जाण्याची वाट आहे.

म्हणजे अकरा ठिकाणी कथा एक गोष्ट बोलत राहिली आणि शेवटच्या तीन ओळींत तुम्ही तिच्या तोंडी दुसरीच गोष्ट घातली. आशय नाही असं मी म्हणणार नाही. तो आहे आणि चांगला ठसठशीत आहे. तुम्ही लिहिलेलं वाक्य मात्र त्याचं नाही. म्हणून वाचणाऱ्याच्या हाती एक यायला लागतं, आणि शेवटी दुसरंच दिलं जातं.

सरळसोट यांच्या मांडणीतल्या पहिल्या दोन गोष्टी जवळपास बरोबर आहेत. तिसरीवर उद्या सविस्तर लिहितो.

---

सरळसोट

जवळपास का? आणि लेखिका स्वतः सांगतेय की मला हे म्हणायचं होतं. तिच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत?

---

पूर्वभाग

मी आईच्या शेजारी बसून वळलेली मुलगी आहे. आमच्या घरी बोलणं तेलुगू, पण काम तेच. कथा वाचून रडू आलं. फडकं, फर्मा, सूप सगळं बरोबर लिहिलंय.

एक गोष्ट खटकली. बिड्या सगळ्या एकाच ढिगात जातात. दोरा सारखा, पान सारखं. चेकरने काढलेल्या चाळीसमध्ये आपली एकही नाही हे सुजाताला कळलं कसं? आम्हाला कधी कळायचं नाही. माझ्या वाईट झाल्या की आईच्या, यावरून घरी आल्यावर वाद व्हायचा.

---

तळ्याकाठची

पूर्वभाग, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी हे काम शेजारच्या घरात बघितलंय, स्वतः केलं नाही. मनापासून आभार.

---

अक्षरवेध

पूर्वभाग यांचा प्रश्न कथानकाचा आहे आणि अतिशय मोलाचा आहे. त्यावरूनच सरळसोट यांच्या ‘जवळपास’ला उत्तर देतो.

ई. एम. फॉर्स्टरने १९२७ साली केंब्रिजला कादंबरीवर व्याख्यानं दिली, त्यातला एक भेद आजही कामाला येतो. राजा वारला आणि मग राणी वारली, ही नुसती गोष्ट. राजा वारला आणि त्या दुःखाने राणी वारली, हे कथानक. म्हणजे काय घडलं एवढ्याने कथानक होत नाही, कशामुळे घडलं तेही लागतं. ‘आणि मग’च्या जागी ‘म्हणून’ यावं लागतं.

आता तुमचं कथानक या ‘म्हणून’ने तपासा. अंगठा सुजला म्हणून बिड्या कमी पडल्या. कमी पडल्या म्हणून सुजाताने शपथ मोडली. तिने वळल्या म्हणून तिचा हात तपासला गेला. तपासणीत तिचं काम निवडून निघालं म्हणून आई ते वाक्य बोलली. चारही कड्या घट्ट आहेत. फक्त तिसऱ्या आणि चौथीच्या मध्ये पूर्वभाग यांनी दाखवलेली फट आहे. कुणाच्या बिड्या कुठल्या हे कळत नसेल तर आईचं वाक्य नुसतं कौतुक होतं, त्याला आधार राहत नाही. ही फट बुजवायला वेगळं काही घडवावं लागणार नाही. बिड्या पंचवीस-पंचवीसच्या जुड्यांत बांधतात ना? दीडशे म्हणजे सहा जुड्या. रात्री सुजाता त्या वेगळ्या ठेवते आणि सकाळी मालन त्या सहाच्या सहा टोपलीत सगळ्यात वर ठेवते, एवढं एक वाक्य पुरे.

आणि पाचवी कडी बघा. आई ते वाक्य बोलली, *म्हणून* शिक्षणाने नशीब बदलतं हे सुजाताला उमगलं? इथे ‘म्हणून’ बसत नाही. जोर लावूनही बसत नाही. ‘हात बसलाय’ ऐकल्यावर सुजाताच्या मनात काहीतरी होणारच आहे, पण ते उजेडाचं नाही.

आता आशयाकडे. विषय दोन-तीन शब्दांत सांगता येतो: बिडी कामगार बाई, आई-मुलगी, गाव सोडणं. या विषयावर शंभर कथा लिहिता येतील आणि शंभरांचे आशय वेगळे निघतील. आशय सांगायला मला पूर्ण वाक्य लागतं, ज्यात कर्ता आहे आणि क्रियापद आहे. त्या वाक्यात मालन, सुजाता, बिडी यातलं काही येऊ द्यायचं नाही, नाहीतर मी परत कथानकच सांगायला लागतो. तुमच्या कथेसाठी मी असं लिहून पाहिलं: ‘ज्या कामातून सुटायचं ठरवलं, ते काम मनाने सोडलं तरी हाताने सोडलेलं नसतं.’

हे वाक्य बरोबर आहे की नाही हे मी त्या अकरा खुणांवर ठेवून बघतो. डोळे रस्त्यावर, हात घरात: बसतं. साबणाने तीनदा धुणं: बसतं, कारण पुढे कळतं की ते धुतलं गेलं नव्हतं. तिसऱ्या बिडीनंतर न बघता वळणं: इथे तर ते वाक्य घटना होऊनच समोर येतं. तुमचं ‘शिक्षणाने नशीब बदलतं’ याच खुणांवर ठेवलं तर प्रवेशाच्या पत्राशिवाय एकही खूण त्याला लागत नाही. आणि रात्रीचा प्रसंग तर उलट बाजूने ओढतो.

लेखिकेला काय म्हणायचं होतं याचा मला आदर आहे. पण तिने ठरवून लिहिलेल्या तीन ओळी आणि न ठरवता लिहिलेल्या अकरा जागा यात मी अकरा जागांवर विश्वास ठेवतो. त्याही तिनेच लिहिल्या आहेत.

---

सरळसोट

‘म्हणून’ची गोष्ट पटली. ती मी उद्यापासून वर्गात वापरणार. पण तात्पर्याचं काय? इसापनीतीत शेवटी तात्पर्य असतंच. मग ते आशय नाही का?

---

कडक_भाकरी

अक्षरवेध काका, मग चिऊकाऊच्या गोष्टीचा आशय काय ओ? कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. लहानपणापासून ऐकतोय.

---

अक्षरवेध

दोघांचं उत्तर एकत्रच येतं.

चिऊकाऊचा विषय म्हणा शेजार किंवा आसरा. कथानक सगळ्यांना पाठ आहे. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो चिमणीचं दार वाजवतो. ती म्हणते, थांब माझ्या बाळाला आंघोळ घालते, थांब तीट लावते, थांब झोपवते. शेवटी दार उघडते. इथपर्यंत सगळ्या घरांत सारखं. पुढे फरक पडतो. काही घरांत कावळा आत येऊन गरम तव्यावर बसतो आणि भाजतो. काही घरांत तो चिमणीची पिल्लं खातो. आणि माझी आजी सांगायची त्यात कावळा भिजून काकडून दारातच पडतो, चिमणी दार उघडते तेव्हा उशीर झालेला असतो.

विषय तोच, नव्वद टक्के घटनाही त्याच. पण पहिल्या शेवटात गोष्ट म्हणते की कच्चं घर बांधणाऱ्याला शिक्षा होते. दुसऱ्यात म्हणते की दार उघडण्याआधी कोण आलंय ते ओळखावं. आजीच्या शेवटात मात्र ते ‘थांब, थांब’ अचानक वेगळं ऐकू येतं. बाळाची आंघोळ, तीट, सगळी खरीच कामं, आणि तरीही त्या कामांमागे उभं राहून माणूस दुसऱ्याला पावसात ठेवू शकतो. मी पाच वर्षांचा होतो, तेव्हा हे सांगता आलं नसतं, पण त्या रात्री झोप लागली नव्हती.

तात्पर्य आणि आशय यांतला फरक मला इथे दिसतो. तात्पर्य सांगतं कसं वागावं. इसापनीतीत गोष्ट त्यासाठीच रचलेली असते, तिथे ते शोभतंही. आजीच्या गोष्टीत कसं वागावं हे कुणी सांगत नाही. बाळाची आंघोळ सोडून दार उघडावं का? कुणाला माहीत. पण माणसं कशी असतात हे दिसतं. तळ्याकाठची, तुमच्या कथेचा शेवट तात्पर्याचा आहे आणि बाकीची कथा आजीसारखी आहे.

---

मधुमालती

इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही. अक्षरवेध यांनी कथा फार प्रेमाने वाचली आहे, पण ‘हाताने सोडलेलं नसतं’ हे वाक्य त्यांचं आहे, कथेचं एकमेव नाही. मला ही कथा आईची वाटली. बघा, अंगठा सुजलाय, दीडशे कमी आहेत आणि ‘आई काही बोलत नाही’. ती ‘जाऊ दे, उद्या कमी देते’ असंही म्हणत नाही. ब्रांचवर मुलीला बरोबर नेते. आणि जायच्या दिवशी, अगदी जायच्या दिवशी, सांगते की तुझा हात बसलाय. माझ्या वाचनात आशय असा आहे: माया करणारं माणूसही सुटून जाणाऱ्याला आपल्याकडची एक गाठ मारून पाठवतं. मुलीच्या हातापेक्षा आईचं गप्प बसणं मला जास्त बोलकं वाटलं.

आशय वाचकाचा असतो असं मी मानते. एकच वाक्य काढून कथेला त्याचं लेबल लावणं मला पटत नाही.

---

विजापूररोड

मग वाचकाचाच असेल तर कुणी काहीही काढेल. मला ही कथा वाचून वाटलं की तंबाखूविरुद्ध काही म्हणायला हवं होतं. विषय बिडीचा आणि व्यसनावर एक शब्द नाही. उलट बिडी वळण्याचं कौतुक आहे. संपादकांना हेच खटकलं असेल.

---

अक्षरवेध

मधुमालती, तुमचं वाचन कथेत बसतं. आईचं गप्प बसणं तीन ठिकाणी आहे, मी त्याच्या खुणा केल्या नव्हत्या. ते माझ्याकडून निसटलं. चांगल्या कथेतून अशी दोन वाक्यं निघू शकतात आणि मला त्यांत निवड करायची गरज वाटत नाही. ते वाक्य मी फक्त तपासायला काढतो, कथेच्या जागी ठेवायला काढत नाही.

पण विजापूररोड यांच्यामुळे हेही दिसतं की काहीही निघत नाही. व्यसनाचं वाचन कथेवर ठेवून बघा. कथेत बिडी ओढणारं एकही माणूस नाही. धूर नाही, खोकला नाही, पेटवलेली काडी नाही. बिडी या कथेत ओढायची वस्तू म्हणून येतच नाही, ती मोजायची वस्तू आहे: हजार, दीडशे, चाळीस. व्यसन हा विषय वाचणाऱ्याने बाहेरून आणलाय. महत्त्वाचा विषय आहे, पण या कथेने तो हातात घेतलेला नाही.

आणि तुमच्या मिलच्या कथेबद्दल, मी ती वाचलेली नाही म्हणून जपून बोलतो. भोंगा, चाळ, संप, मिल बंद होणं, हे सगळं तुम्ही सांगितलंत. त्यात आजोबांनी काय केलं ते सांगितलं नाहीत. मिल बंद झाली त्या दिवशी भोंगा झाला नाही तेव्हा ते कुठे होते? काय करत होते?

---

विजापूररोड

भोंगा बंद झाल्यावरही ते त्याच वेळेला डबा भरायला सांगायचे. आजी भरायची. डबा घेऊन ते तळ्यावर जाऊन बसायचे आणि पाळी सुटायच्या वेळेला परत यायचे. वर्षभर तरी असं चाललं. हे कथेत नाही. हे घरातलं आहे म्हणून घातलं नव्हतं.

---

कडक_भाकरी

हेच घाला की ओ! मिल राहू दे बाजूला.

---

पूर्वभाग

आजी डबा भरायची हे माहीत असूनही की मिल बंद आहे. तिचंही घाला.

---

तळ्याकाठची

दोन दिवस गप्प होते, कारण खरं तर मला राग आला होता. शिक्षणाबद्दल लिहायचं हे मी मनाशी ठरवलं होतं. शेजारची जी मुलगी डोळ्यापुढे होती ती खरोखर शिकली, आज चांगल्या हॉस्पिटलात आहे. तो उजेड खोटा नाही. तो पुसायचा म्हणजे तिच्यावर अन्याय केल्यासारखं वाटत होतं.

मग काल रात्री अक्षरवेध यांचं म्हणणं तपासून बघितलं. शेवटचा परिच्छेद कागदाने झाकला आणि वरून वाचत आले. ‘हात बसलाय गं तुझा’पाशी थांबले. मला आठवलं की ती शेजारची मुलगी सुट्टीला आली की आईजवळ बसायची, पण हात पाठीमागे घेऊन बसायची. हे मी बघितलं होतं आणि विसरले होते. कथा मला ते सांगत होती, आणि मी वरून शिक्षण लिहून टाकलं.

नवा शेवट लिहिलाय. उजेड-अंधाराच्या ओळी काढल्या. सहा जुड्या वर ठेवण्याचं वाक्य घातलं, पूर्वभाग यांचे पुन्हा आभार. आता एसटीतलं असं आहे:

‘कंडक्टरने तिकीट फाडून दिलं. सुजाताने ते घेतलं आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली. पाकणी गेलं, मोहोळ गेलं. कधीतरी तिचं लक्ष मांडीकडे गेलं. तिकिटाची बारीक सुरळी झाली होती, एक टोक दुमडलेलं. दोरा तेवढा नव्हता.’

---

कडक_भाकरी

काटा आला. या वेळी गेला नाही.

---

सरळसोट

चांगलं झालंय, पण एक शंका. ‘दोरा तेवढा नव्हता’ हे जास्त होतंय का? सुरळी आणि दुमडलेलं टोक यातच कळतं. ती ओळ म्हणजे नवं तात्पर्यच की.

---

अक्षरवेध

सरळसोट, हे मी लिहिणार होतो, तुम्ही आधी लिहिलंत. मीही ती ओळ काढेन. ‘एक टोक दुमडलेलं’पाशी थांबलं तर वाचणारा स्वतः दोरा आठवतो, कारण पहिल्या परिच्छेदात त्याने तो बघितलाय.

---

पूर्वभाग

मी नाही काढणार. दोरा बांधल्याशिवाय बिडी बिडी होत नाही, उलगडते. ‘दोरा नव्हता’ म्हणजे ती सुटू शकते असं मला वाटलं. ती ओळ काढली तर मुलगी अडकलीच असं होतं. मला ते नको आहे. मीही सुटलेली आहे.

---

मधुमालती

पूर्वभाग, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एका ओळीने कथा काय म्हणते ते बदलतंय. तुमच्यासारख्या, काम माहीत असलेल्या वाचणाऱ्याला ती ओळ दार उघडं ठेवते, आणि बाकीच्यांना ती नुसती समजावून सांगितल्यासारखी वाटते.

---

अक्षरवेध

हे मला सोडवता येत नाही. मी दोऱ्याकडे ‘वस्तू पूर्ण झाली नाही’ एवढंच बघत होतो. पूर्वभाग यांचं वाचन माझ्या वाक्याच्या विरुद्ध जातं आणि तरी कथेच्या तपशिलावर उभं आहे. तळ्याकाठची, दोरा नसला की बिडी उलगडते हे कथेत आधी कुठे दिसतं का? मालनची एखादी बिडी न बांधल्यामुळे सुपात उघडी पडली असं पहिल्या परिच्छेदात आलं, तर शेवटची ओळ सगळ्यांना पूर्वभाग यांच्यासारखी वाचता येईल. नाही आलं तर मी अजूनही काढायच्या बाजूचा आहे.

---

तळ्याकाठची

नाही, आधी कुठे नाही. ‘दोरा गुंडाळते’ एवढंच आहे. आज रात्री पहिल्या परिच्छेदात एक उलगडलेली बिडी घालून बघते. चौथीतल्या सुजाताची पहिली बिडी घातली तर? तिने दोरा बांधलाच नाही आणि आईने उघडलेलं पान परत तिच्या हातात दिलं.

नाव तर बदलायलाच हवं. ‘नवी पहाट’ आता कथेत कुठेच नाही. ‘हात’ ठेवावं असं वाटलं होतं, पण मग मधुमालतींची आई बाहेर राहते. पूर्वभाग, तुमच्याकडे पहिली बिडी उलगडली की आई काय म्हणायची? तेलुगूत असलं तरी सांगा.

---

पूर्वभाग

काही म्हणायची नाही. पान परत फडक्यात ठेवायची, वाया जाऊ नये म्हणून. वाळलं की ते फाटतं ना.